कॅस्कोडच्या मधल्या बिंदूवर तेहेतीस पट व्होल्टेज : कॉमन-गेट टप्प्याच्या इनपुट रोधाचे एक प्रकरण

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा पाहतो. तेथे अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी कॅस्कोड ॲम्प्लिफायर, म्हणजे एकावर एक रचलेल्या दोन ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर, उभारला होता. जुलैच्या एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या आणि त्यांच्यापैकी एक म्हणाली, "सर, वरचा ट्रान्झिस्टर गेला असणार. मधल्या बिंदूवर गेन एक यायला हवा, तो तेहेतीस येतोय." दोघींनी आयसी दोनदा बदलून पाहिला होता आणि आकडा जवळपास तोच राहिला होता. ट्रान्झिस्टर शाबूत होता. चुकला होता तो त्यांच्या वहीत पहिल्या पानावर चौकट करून लिहिलेला नियम, म्हणजे कॉमन-गेट टप्प्याचा, वरच्या ट्रान्झिस्टरचा, इनपुट रोध `1/gm` असतो हा; `gm` म्हणजे गेटच्या व्होल्टेजमागे ड्रेनचा प्रवाह किती बदलतो ते प्रमाण. तो नियम कोणत्या अटीवर खरा आहे हे वहीत कोठेही नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमच्या फळ्यावरही ती अट बहुतेक वेळा लिहिली जात नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

मंडल आणि त्यातील आकडे

सर्किटसाठी त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून सीडी४००७ हे आयसी आणले होते. या आयसीत तीन एन-चॅनेल आणि तीन पी-चॅनेल मॉसफेट असतात आणि त्यांपैकी बहुतेकांची टोके बाहेरच्या पिनांवर स्वतंत्रपणे मिळतात, त्यामुळे शिकण्यासाठी तो फार सोयीचा आहे. मात्र त्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे प्रत्येक जोडीतील एन आणि पी ट्रान्झिस्टरचे गेट आतूनच जोडलेले असते, त्यामुळे एन-बाजूसाठी एक आणि पी-बाजूसाठी दुसरा असे दोन आयसी घेणे बरे पडते. दुसरी अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की सर्व एन-चॅनेल ट्रान्झिस्टरची बॉडी पिन ७ वर एकत्र येते. कॅस्कोडमधल्या वरच्या ट्रान्झिस्टरचा सोर्स जमिनीपासून दोन-सव्वादोन व्होल्ट वर असतो, पण त्याची बॉडी जमिनीवरच राहते, म्हणून त्याचा बॉडी इफेक्ट, म्हणजे सोर्स आणि बॉडी यांच्यातील व्होल्टेजमुळे प्रवाह बदलणे, टाळता येत नाही.

पुरवठा १२ व्होल्टचा होता आणि दोन्ही ट्रान्झिस्टरमधून अर्धा मिलिॲम्पिअर प्रवाह वाहत होता. खालचा ट्रान्झिस्टर कॉमन-सोर्स होता, म्हणजे संकेत त्याच्या गेटवर येत होता. त्याचा ड्रेन वरच्या ट्रान्झिस्टरच्या सोर्सला जोडलेला होता आणि वरच्याचे गेट एका स्थिर ५.३ व्होल्टवर बांधलेले होते. हा वरचा ट्रान्झिस्टर म्हणजे कॉमन-गेट टप्पा. दोघांच्या जोडाला मी पुढे 'मधला बिंदू' म्हणेन.

विद्यार्थिनींनी ट्रान्झिस्टरचे गुणांक पुस्तकातून न घेता मोजून काढले होते, हे त्यांच्या कामातले मला सर्वांत आवडले. गेटचे व्होल्टेज ५० मिलिव्होल्टने वाढवल्यावर ड्रेनचा प्रवाह ४० मायक्रोॲम्पिअरने वाढला, म्हणून `gm` ०.८ मिलिॲम्पिअर प्रति व्होल्ट. ड्रेनचे व्होल्टेज ३ व्होल्टने वाढवल्यावर प्रवाह ३० मायक्रोॲम्पिअरने वाढला, म्हणून ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रोध `ro` १०० किलोओहम. सोर्स, गेट आणि ड्रेन तिन्ही एकत्र ०.२ व्होल्टने वर उचलल्यावर, बॉडी तेथेच असल्याने, प्रवाह ३२ मायक्रोॲम्पिअरने घटला, म्हणून बॉडीमुळे येणारा `gmb` ०.१६ मिलिॲम्पिअर प्रति व्होल्ट. पी-बाजूचे आकडे याच्या जवळपास आले, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी ते तेवढेच धरतो.

१० किलोओहमचा भार असताना

प्रकल्पाची सुरुवात साध्या कॉमन-सोर्स टप्प्याने झाली होती. ड्रेनला १० किलोओहमचा रोध होता आणि गेन सुमारे ७.३ येत होता. इनपुटची धारिता दिसावी म्हणून त्यांनी गेटच्या मालिकेत मुद्दाम १०० किलोओहम लावले होते. गेट आणि ड्रेन यांच्यामधली धारिता, ब्रेडबोर्डची धरून, ३ पिकोफॅरड होती आणि गेटपासून जमिनीपर्यंतची बाकी सारी १२ पिकोफॅरड. ड्रेन गेटच्या उलट दिशेने ७.३ पट हलतो, म्हणून त्या ३ पिकोफॅरडच्या दोन टोकांमधले व्होल्टेज संकेताच्या ८.३ पट बदलते आणि संकेताच्या उगमाला ती धारिता २५ पिकोफॅरड भासते. हाच मिलर परिणाम, जो १९२० मध्ये ट्रायोडच्या संदर्भात मांडला गेला. एकूण ३७ पिकोफॅरड आणि १०० किलोओहम मिळून गेन ४३ किलोहर्ट्झच्या सुमारास पडू लागतो, आणि मोजणीत तो तेथेच पडला.

त्यानंतर त्यांनी मध्ये कॉमन-गेट टप्पा घातला. खालच्या ट्रान्झिस्टरच्या ड्रेनला आता १० किलोओहम दिसत नव्हते. त्याला दिसत होता वरच्या ट्रान्झिस्टरच्या सोर्समधून आत पाहताना भासणारा रोध, जो सुमारे एक किलोओहम आहे. म्हणून मधला बिंदू जेमतेम संकेताएवढाच हलतो आणि मिलर परिणाम जवळजवळ मिटतो. इनपुटची धारिता १७.७ पिकोफॅरडपर्यंत उतरली आणि मर्यादा ९० किलोहर्ट्झवर गेली. गेन मात्र कमी झाला नाही. उलट तो ७.३ वरून ७.९ झाला, कारण आता खालच्या ट्रान्झिस्टरचा `ro` भाराला समांतर येत नव्हता.

कॉमन-गेट टप्प्याला करंट बफर म्हणतात तो याच अर्थाने. खालचा ट्रान्झिस्टर संकेताचे प्रवाहात रूपांतर करतो, वरचा तो प्रवाह कमी रोधाच्या दारातून आत घेतो आणि जास्त रोधाच्या दारातून तसाच बाहेर सोडतो. प्रवाहाचा गेन एकाच्या जवळ राहतो, आणि व्होल्टेज वाढवण्याचे काम भार करतो.

येथवर सारे वहीतल्या नियमाप्रमाणे झाले, फक्त एक बारीक फरक राहिला. मधल्या बिंदूवर त्यांना गेन १ अपेक्षित होता आणि आला ०.९. त्यांनी तो मोजणीची चूक म्हणून सोडून दिला, आणि माझ्या मते या प्रकरणाची पहिली खूण तेथेच निसटली. वरच्या ट्रान्झिस्टरच्या सोर्सवर व्होल्टेज बदलले की गेट आणि बॉडी दोन्हींच्या सापेक्ष सोर्स हलतो, म्हणून `gm` एकटा नव्हे तर `gm + gmb`, म्हणजे ०.९६, काम करतो. त्यामुळे गेन ०.८ भागिले ०.९६, म्हणजे ०.८३ यायला हवा होता. तो ०.८३ ऐवजी ०.९ का आला? कारण भाराचे १० किलोओहम थोडेसे का होईना, पण मधल्या बिंदूवर जाणवत होते.

भार वाढवला तेव्हा

गेन ८ पेक्षा बराच जास्त हवा होता, आणि अर्धा मिलिॲम्पिअर वाहत असताना रोध वाढवायला १२ व्होल्टमध्ये जागा नव्हती. म्हणून त्यांनी १० किलोओहमच्या जागी पी-चॅनेलचा करंट सोर्स लावला. त्याचा आउटपुट रोध १०० किलोओहम असल्याने गेन ७८ झाला. मधल्या बिंदूवर तेव्हा १.६ येत होते, पण त्यांनी ते त्या वेळी मोजलेच नव्हते. गेन अजून वाढावा म्हणून मग त्यांनी करंट सोर्सलाही दुसरा पी-चॅनेल ट्रान्झिस्टर जोडून कॅस्कोड केले. आता भाराचा रोध जवळजवळ ९.८ मेगओहम झाला.

अशा मंडलात आउटपुटचा बिंदू स्वतःहून जागेवर राहत नाही. वरच्या आणि खालच्या करंट सोर्समध्ये एका मायक्रोॲम्पिअरचा फरक पडला तरी आउटपुट जवळजवळ ५ व्होल्ट सरकते. म्हणून त्यांनी आउटपुटवर टीएल०७१ या ऑप-ॲम्पचा बफर ठेवून त्याचे व्होल्टेज निम्मे केले आणि १० मेगओहममधून खालच्या गेटवर परत आणले. संकेत त्याच गेटवर १ मायक्रोफॅरडमधून येत होता. त्यामुळे डीसी पातळी साडेपाच व्होल्टच्या आसपास स्थिर राहिली आणि सुमारे ३० हर्ट्झच्या वर ही मागची वाट संकेतात ढवळाढवळ करत नव्हती. बफर आणखी एका कारणासाठी आवश्यक होता. ऑसिलोस्कोपच्या दहापट प्रोबचा रोध १० मेगओहम असतो, आणि तो थेट आउटपुटला लावला तर ज्या भारासाठी एवढी खटपट केली त्याच भाराला तो समांतर बसतो.

या अवस्थेत २०० हर्ट्झवर, अर्ध्या मिलिव्होल्टचा संकेत देऊन आणि स्कोपवर सरासरी घेऊन, त्यांनी मधला बिंदू मोजला आणि तेहेतीस हा आकडा आला. आउटपुटवर गेन ३१२० होता.

भार मधल्या बिंदूवर कसा पोहोचतो

मी त्यांना वही बंद करायला सांगितली आणि वरच्या ट्रान्झिस्टरचे लहान-संकेत चित्र काढायला लावले. सोर्सवर `v` एवढे व्होल्टेज लावले आणि आत `i` प्रवाह जातो असे समजू. ट्रान्झिस्टरच्या नियंत्रित भागातून `(gm+gmb)v` प्रवाह वर जातो. `ro` मधून जाणारा प्रवाह मात्र सोर्स आणि ड्रेन यांच्यातील फरकावर ठरतो, आणि ड्रेनचे व्होल्टेज शून्य नाही, ते `i·RL` आहे, जेथे `RL` म्हणजे भाराचा रोध. `1/gm` हा नियम ड्रेन जमिनीला बांधला आहे असे गुपचूप धरून चालतो. येथे तो बांधलेला नाही.

```
i = (gm+gmb)·v + (v − i·RL)/ro
Rin = v/i = (ro + RL) / (1 + (gm+gmb)·ro)
```

आपल्या आकड्यांत छेद ९७ येतो. म्हणून हे सूत्र असेही वाचता येते की सोर्समधून पाहताना सुमारे एक किलोओहम दिसतो आणि त्यात भाराचा ९७ वा हिस्सा मिळवलेला असतो. भार १० किलोओहम असेल तर तो हिस्सा १०० ओहम, ज्याने ०.८३ चे ०.९ झाले होते. भार १०० किलोओहम असेल तर हिस्साही एक किलोओहम होतो आणि इनपुट रोध दुप्पट होतो. आणि भार ९.८ मेगओहम असेल तर इनपुट रोध १०२ किलोओहम होतो, म्हणजे `1/gm` च्या जवळपासही नाही. तो थेट `ro` एवढा होतो.

सूत्रापेक्षा मला यामागचे घडणे अधिक पटते. सोर्समध्ये प्रवाह ढकलला की तो वर जाऊन मोठ्या भारावर प्रचंड व्होल्टेज उभे करतो. ड्रेन इतका वर गेला की त्याच ट्रान्झिस्टरच्या `ro` मधून बराचसा प्रवाह पुन्हा सोर्सकडे उतरतो. वर गेलेला आणि परत आलेला असे दोन्ही मोठे प्रवाह एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की येथून प्रवाह आत जातच नाही. ट्रान्झिस्टरचा `gm` तसूभरही कमी झालेला नसतो.

मग मधल्या बिंदूवर खालच्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह दोन वाटांनी विभागला जातो. एक वाट त्याचा स्वतःचा १०० किलोओहमचा `ro`, दुसरी वाट १०२ किलोओहमचा कॉमन-गेट. म्हणजे निम्मा प्रवाह वर जातच नाही. करंट बफरचा गेन एक राहत नाही, तो अर्धा होतो. दोन्ही वाटा मिळून ५० किलोओहम, त्याला ०.८ ने गुणले की मधल्या बिंदूवरचा गेन ४० येतो, आणि आउटपुटचा गेन ३९०० च्या आसपास. आउटपुटकडून पाहणारा हेच सत्य दुसऱ्या शब्दांत सांगतो. खालून वर पाहताना ९.८ मेगओहम आणि भार ९.८ मेगओहम, दोन्ही समांतर, म्हणून गेन निम्मा. दोन्ही वर्णने एकाच गोष्टीची आहेत, पण कॅस्कोड शिकवताना आपण दुसरे वर्णन करतो आणि पहिले विसरतो, आणि त्यामुळे मधल्या बिंदूवर गेन नेहमी १ असतो अशी समजूत घट्ट होते.

चाळीस की तेहेतीस

हिशेबात ४० आणि मोजणीत ३३, हा फरक उरत होता. आउटपुटही ३९०० ऐवजी ३१२० होते. येथे एक पडताळणी फार उपयोगी पडली. आउटपुटचा गेन आणि मधल्या बिंदूचा गेन यांचे गुणोत्तर म्हणजे वरच्या ट्रान्झिस्टरचा सोर्सपासून ड्रेनपर्यंतचा स्वतःचा गेन. भार `ro` पेक्षा खूप मोठा असेल तर ते गुणोत्तर भाराने फारसे बदलत नाही आणि ९५ ते ९७ च्या दरम्यान राहते. ३१२० भागिले ३३ म्हणजे जवळजवळ ९५. म्हणजे वरचा ट्रान्झिस्टर ठणठणीत होता. ट्रान्झिस्टर बिघडला असता तर हे गुणोत्तरच कोसळले असते. दोन्ही आकडे एकाच प्रमाणात घटले होते, याचा अर्थ एकच की भार ९.८ मेगओहमपेक्षा कमी झाला होता. उलट हिशेब केल्यावर आउटपुटला कोठेतरी २० मेगओहमची गळती समांतर लागलेली असावी असे दिसले.

जुलैतील मुंबईत ती शोधायला लांब जावे लागत नाही. ब्रेडबोर्ड आठवडाभर उघड्या खिडकीजवळ पडलेला होता, त्यावर बोटांचे तेल आणि फ्लक्सचे डाग होते, आणि दमट हवेत अशा पृष्ठभागावरून वीस-तीस मेगओहमची वाट तयार होणे अगदी शक्य आहे. विद्यार्थिनींनी आउटपुटच्या ओळीच्या दोन्ही बाजूंच्या ओळी रिकाम्या केल्या, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि रात्रभर वातानुकूलित खोलीत ठेवला. दुसऱ्या सकाळी मधल्या बिंदूवर ३८ आणि आउटपुटवर ३६५० आले. गुणोत्तर ९६. गळती उरलीच होती, पण ती आता ७५ मेगओहमच्या घरात होती आणि तेवढ्यावर आम्ही थांबलो.

या टप्प्यावर गळती कमी केल्याने मधल्या बिंदूवरचा गेन वाढला, म्हणजे बोर्ड जितका चांगला तितका तो बिंदू वहीतल्या नियमापासून अधिक लांब गेला. त्या दोघींना हे पटायला थोडा वेळ लागला आणि ते साहजिक होते.

मग मिलर परिणाम परत आला का

दुसऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न रास्त होता. मधला बिंदू चाळीस पट हलत असेल तर त्या ३ पिकोफॅरडचे १२० हून अधिक पिकोफॅरड होतील, इनपुटची धारिता १३६ पिकोफॅरड होईल, १०० किलोओहमच्या उगमासह मर्यादा ९० वरून १२ किलोहर्ट्झवर येईल, आणि ज्यासाठी कॅस्कोड घातला तो हेतूच गेला. हिशेब बरोबर आहे, पण तो कमी वारंवारतेपुरता. भार म्हणजे केवळ ९.८ मेगओहम नाही. आउटपुटच्या बिंदूवर दोन ड्रेन, बफरचे इनपुट आणि ब्रेडबोर्ड मिळून सुमारे २५ पिकोफॅरड आहेत. वारंवारता वाढली की या धारितेचा अडथळा घटतो, भार हलका होतो आणि कॉमन-गेटचा इनपुट रोधही त्याच्यासोबत खाली येतो. मधल्या बिंदूवरून पाहणाऱ्याला ते २५ पिकोफॅरड ९७ पट होऊन, म्हणजे सुमारे २.४ नॅनोफॅरड होऊन, दिसतात.

तर्क करण्याऐवजी मोजू या असे ठरवून आम्ही वारंवारता वाढवत नेली. गेन पडत जातो, त्यामुळे स्कोपवर दिसेल एवढा संकेत राहावा म्हणून इनपुट अर्ध्या मिलिव्होल्टवरून २० मिलिव्होल्टपर्यंत वाढवावे लागले. मधल्या बिंदूवरचा गेन एका किलोहर्ट्झच्या पुढे उतरू लागला, १० किलोहर्ट्झवर ५ च्या किंचित वर आला आणि १०० किलोहर्ट्झवर जवळजवळ १ झाला. `ngspice` या सिम्युलेटरमध्ये याच गुणांकांचे लहान-संकेत रूप घालून पाहिले तेव्हाही हाच उतार दिसला. ते इतके छोटे आहे की येथेच देतो.

```
* cascode, small signal
Vin g 0 AC 1
G1 x 0 g 0 0.8m
R1 x 0 100k
G2 o x 0 x 0.96m
R2 o x 100k
RL o 0 9.8meg
CL o 0 25p
.ac dec 20 100 1meg
.print ac vm(x) vm(o)
.end
```

यात `x` हा मधला बिंदू आहे आणि `o` आउटपुट. `RL` ची किंमत `10k` करून पुन्हा चालवले की `vm(x)` सुरुवातीपासूनच ०.९ वर सपाट राहतो, आणि १०० किलोहर्ट्झच्या पलीकडे दोन्ही वक्र एकमेकांजवळ येतात. म्हणजे वहीतला नियम उच्च वारंवारतेवर आपोआप खरा ठरतो, कारण तेथे आउटपुटची धारिता ड्रेनला जवळजवळ जमिनीला बांधते. १३६ पिकोफॅरडची धारिता १२ किलोहर्ट्झवर त्रास देईल अशी भीती होती, पण १२ किलोहर्ट्झ येईपर्यंत ती धारिता शिल्लकच राहत नाही. आउटपुटचा गेन एवीतेवी १.३ किलोहर्ट्झवर पडू लागतो, आणि १०० किलोओहमच्या उगमामुळे ती मर्यादा फक्त १.२ च्या आसपास सरकते. वेगासाठी कॅस्कोड वापरणारा माणूस आयुष्यभर `1/gm` धरून चालला तरी त्याचे फारसे बिघडत नाही ते यामुळे.

कोठे बिघडते

उगम रोध नसून धारिता असेल तर मात्र बिघडते, आणि विद्यार्थिनींच्या प्रकल्पात पुढे नेमका तसाच धारितेचा सेन्सर जोडायचा होता. ४७ पिकोफॅरडचा उगम धरा. भार १० किलोओहम असता तर इनपुटच्या १७.७ पिकोफॅरडशी विभागणी होऊन संकेताचा ७३ टक्के भाग गेटवर पोहोचला असता. कॅस्कोड केलेल्या भारासह इनपुटला १३६ पिकोफॅरड भासतात आणि गेटवर पोहोचतो जेमतेम २६ टक्के. म्हणजे कागदावर ३९०० वाटणारा गेन सेन्सरपासून मोजल्यावर सुमारे १००० उरतो. हे उच्च वारंवारतेवर नव्हे, अगदी ३०० हर्ट्झवरही घडते, कारण धारितेची विभागणी वारंवारतेवर अवलंबून नसते. भरपाई म्हणून मर्यादा १.३ वरून ३.८ किलोहर्ट्झवर जाते, कारण त्या ३ पिकोफॅरडमधून मधला बिंदू गेटकडे ऋण प्रतिपोषण देत असतो. ब्रेडबोर्डवर हे तपासता आले नाही, कारण १० मेगओहमची डीसी वाट ४७ पिकोफॅरडच्या उगमासोबत संकेतात शिरते. म्हणून वरच्याच फाइलमध्ये `Vin` आणि `g` यांच्यामध्ये ४७ पिकोफॅरड, गेटपासून जमिनीकडे १२ आणि गेट ते `x` ३ पिकोफॅरड घालून पाहिले. केवळ कपॅसिटरने टांगलेला बिंदू सिम्युलेटरला चालत नाही, त्याला डीसी मार्ग लागतो, म्हणून गेटपासून जमिनीला १०० गिगओहमचा रोधही घालावा लागला.

यावर दोन उपाय त्यांच्यापुढे होते. एक, वरच्या ट्रान्झिस्टरच्या गेटला स्थिर व्होल्टेज न देता मधल्या बिंदूवरून चालणारा एक छोटा ॲम्प्लिफायर लावायचा, म्हणजे सोर्स हलला की गेट उलट दिशेने हलते आणि `gm` तेवढ्या पटीने वाढल्यासारखा होतो. भार तोच ठेवला तर इनपुट रोध त्याच पटीने उतरतो. यात एक अडचण आहे, ती अशी की भारही त्याच पद्धतीने वाढवला तर इनपुट रोध पुन्हा चढून `ro` वरच येऊन बसतो. दुसरा, वरच्या ट्रान्झिस्टरच्या ड्रेनमधला प्रवाह मोठ्या भारावर न टाकता एका ऑप-ॲम्पच्या आभासी जमिनीत सोडायचा आणि गेन त्याच्या फीडबॅक रोधाने ठरवायचा. तेव्हा भार खरोखरच शून्याजवळ राहतो, इनपुट रोध एक किलोओहमवर टिकतो आणि निम्मा प्रवाह वाया जात नाही.

त्यांनी दुसरा उपाय निवडला. आउटपुटवरचा टीएल०७१ बफर म्हणून न ठेवता प्रवाह घेणाऱ्या टप्प्यात बदलला, पी-बाजूचे कॅस्कोड मात्र तसेच ठेवले, कारण तेथे ते करंट सोर्स म्हणून उपयोगाचेच होते. मधल्या बिंदूवर २०० हर्ट्झला ०.८ च्या थोडे वर आकडा आला. दोघींनी मग वहीतील चौकटीतला नियम खोडून त्याजागी `RL` सहित पूर्ण सूत्र लिहिले आणि त्याखाली १० किलोओहम, १०० किलोओहम आणि ९.८ मेगओहम या तीन भारांसाठी मोजलेले आकडे भरले.